हाकेला ओ

आमच्या रक्तदात्यांच्या गटाचा एक वेगळा फोन आहे. आठवड्यातले तीन दिवस तो माझ्याकडे असतो. सांगली-मिरज ही दवाखान्यांची गावं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट इथं येतात आणि त्यांच्यासोबत आलेल्या कुणाच्या तरी हातात केव्हातरी रक्ताच्या मागणीचा कागद पडतो. मग वॉर्डातलंच कुणीतरी आमचा नंबर देतं. आमचं काम तसं साधं आहे. कागदावर काय मागितलंय ते नीट वाचायचं, त्या गटाचा दाता शोधायचा आणि त्याला वेळेत रक्तकेंद्रात पोचवायचं.

या कामाला सात वर्षं झाली. पहिला मेसेज मात्र क्वचितच रक्ताबद्दल असतो. आधी 'Hi' येतं. दहा-पंधरा सेकंदांत 'Hello' येतं. मिनिट भरायच्या आत नुसतं '?' येतं. ना नाव, ना गाव, ना काय हवंय ते.

सुरुवातीला मला याचा फार त्रास व्हायचा. विचारायचं ते विचारलं नाही आणि प्रश्नचिन्ह तेवढं पाठवलं, असं वाटायचं. ते चिन्ह मला उर्मट दिसायचं, जणू समोरचा माणूस दारावर थापा मारून 'उघडता की नाही?' म्हणतोय. माझी पुतणी पुण्यात आयटी कंपनीत आहे. तिच्या ऑफिसात बऱ्याच जणांनी चॅटच्या स्टेटसला लिहून ठेवलंय की नुसतं 'हाय' पाठवून थांबू नका, काम एकदमच लिहा. मला ते पटलं होतं. आमच्याही नंबरच्या माहितीत मी तसंच लिहिलं : 'कृपया पूर्ण माहिती एकाच मेसेजमध्ये पाठवावी.' ती ओळ कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

मग एक रात्र आली. पावसाळ्यातली, साडेअकराच्या पुढची. त्या दिवशी दोन दाते जुळवताना मी पार दमले होते. फोनवर लागोपाठ तीन वेळा टिंग वाजलं. वरच्या पट्टीत बघितलं तर तेच : Hi, Hello, ?. अनोळखी नंबर, फोटो नाही. काम असेल तर लिहील, असं मनाशी म्हणून मी फोन पालथा ठेवला. सकाळी उघडला तर त्या नंबरापुढं तीन ओळी होत्या आणि तिन्ही ओळींत एकच मजकूर होता, हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे. मी लगेच 'बोला, काय हवं होतं?' असं लिहिलं. फोनही लावला, तो बंद होता. त्या माणसाला काय हवं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याला दुसरीकडून मदत मिळाली असेल. चुकून आमचा नंबर लागला असेल. किंवा तसं नसेलही. पुसून टाकलेल्या त्या तीन ओळी मात्र माझ्या मनातून पुसल्या गेल्या नाहीत.

त्यानंतर मी त्या तीन मेसेजांकडे निराळ्या नजरेनं बघायला लागले.

आमच्या माळवदाच्या घराला मोठं दार होतं, दिवसभर उघडंच असायचं. तरी कुणी सरळ आत येत नसे. उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी विचारायचं, 'हाय का कोण घरात?' आतून आजी म्हणायची, 'हाय की. कोण हाय?' बाहेरून नाव यायचं, मग आजी म्हणायची, 'ये, बस.' कामाचं बोलणं त्यानंतर. विळा मागायला आलेली बाई आल्या आल्या विळा मागत नसे, आणि ती आपला वेळ घालवतेय असं आजीलाही कधी वाटलं नाही. आमच्याकडच्या बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे'. फोनवर येणारं इंग्रजी 'Hi' मी जेव्हा आजीच्या कानानं ऐकलं, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. ते अभिवादन नाहीच मुळी. तो माणूस विचारतोय, हाय का कोण घरात? 'Hello' ही दुसरी हाक, जरा चढ्या आवाजातली. आणि '?' म्हणजे कडी वाजवणं.

माझा मामेभाऊ भाषाशास्त्र शिकवतो. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं इमॅन्युएल शेग्लॉफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाची गोष्ट सांगितली. शेग्लॉफ यांचा यावरचा निबंध १९६८ सालचा. एका पोलीस खात्याच्या तक्रार-टेबलावर आलेल्या-गेलेल्या सुमारे ५०० फोनांची सुरुवात त्यांनी तपासली होती. नियम सोपा वाटत होता : जो फोन उचलतो तो पहिला बोलतो. एका फोनात मात्र तो नियम मोडला होता. तिथं फोन पोलिसांनीच लावला होता. पलीकडून उचलला गेला, पण कुणी बोललं नाही. क्षणभर शांतता गेली आणि लावणारा पोलीसच 'हॅलो' म्हणाला. या एका फोनासाठी त्यांनी आधीचा नियम बाजूला ठेवला आणि सगळ्याच फोनांचा अर्थ नव्यानं लावला. फोनची घंटा हीच पहिली हाक असते. उचलणाऱ्याचा 'हॅलो' ही त्या हाकेला दिलेली ओ. ओ आली नाही तर हाक मारणारा पुन्हा हाक मारतो, म्हणून तो पोलीस 'हॅलो' म्हणाला. आणि ओ आली की पुढचं बोलायची जबाबदारी हाक मारणाऱ्यावर येते. हाक मारून ओ मिळाल्यावर गप्प बसता येत नाही.

मला यातल्या शेवटच्या दोन गोष्टी फार कामाच्या वाटल्या. ओ येईपर्यंत हाक पुन्हा पुन्हा येणार, आणि ओ आली की माणूस आपणहून बोलणार. म्हणजे त्या तिसऱ्या '?'वर चिडण्यात अर्थ नव्हता. ओ मीच दिलेली नव्हती.

पण फोनवरची ओ आणि मेसेजवरची ओ यांत फरक आहे. फोनवर ओ लगेच ऐकू येते. मेसेजात त्या जागी फक्त बरोबरच्या खुणा असतात. एक राखाडी खूण म्हणजे मेसेज निघाला, दोन राखाडी म्हणजे समोरच्या फोनात पोचला, दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे उघडला गेला. निळ्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून गप्प बसण्याचेही दोन प्रकार झाले. राखाडी खुणांची शांतता म्हणजे 'घरात कुणी नाही वाटतं'. निळ्या खुणांची शांतता म्हणजे 'आतून बघितलं आणि दार उघडलं नाही'. दवाखान्याच्या जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला हा दुसरा प्रकार फार लागतो. म्हणून मी एक नियम केला आणि गटातल्या बाकीच्यांनाही पाळायला लावला. मेसेज वरच्या पट्टीत वाचावा, तिथं वाचला तर खुणा निळ्या होत नाहीत. उघडावा तो उत्तर द्यायचं असेल तेव्हाच. आणि उघडला की निदान एक शब्द लिहिल्याशिवाय फोन खाली ठेवायचा नाही.

आता तो एक शब्द कोणता, हा प्रश्न होता. तो सुटायला मला बरेच महिने लागले.

आधी मी 'हाय'ला 'हाय' करत होते. त्यात बोलणं अडकतं, कारण समोरच्याला वाटतं की आता रीतीनं ख्यालीखुशाली विचारायला हवी. तो 'कसे आहात' विचारतो, मी 'बरी आहे' म्हणते, आणि पाच मिनिटं जातात. नुसतं 'कोण?' लिहिलं तर माणूस बिचकतो. त्याला वाटतं चुकीच्या ठिकाणी आलो. मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पेशंटचं नाव, वय, रक्तगट, दवाखाना, डॉक्टर, कोणता घटक, किती पिशव्या, कधीपर्यंत, नातेवाइकाचा नंबर, असा नऊ ओळींचा तक्ता तयार केला आणि 'Hi' आलं की तो पाठवायला लागले. माहिती लागतेच, ती एकदमच घ्यावी, असा माझा हिशेब. तक्ता गेला की पलीकडं शांतता व्हायची. 'टाइप करत आहे' असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं, थांबायचं. एका मावशींनी मला नंतर सांगितलं, 'ताई, तुमचा कागद बघून वाटलं, हे आपल्याला भरायला यायचं न्हाई. म्हणून दुसऱ्याला फोन लावला.' आपल्याला सोयीचं म्हणून मी जे केलं होतं, त्यानं त्यांच्यापुढं आणखी एक खिडकी आणि आणखी एक फॉर्म उभा केला होता. दवाखान्यात त्या दिवसभर तेच करत होत्या.

फोनात आपोआप उत्तर जायची सोयही आहे. धंद्यासाठीच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वागताचा मेसेज लावता येतो. नवीन माणसानं लिहिलं, किंवा १४ दिवस काही बोलणं झालेलं नसताना कुणी लिहिलं, तर तो आपसूक जातो. 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असा मी लावला होता. तो महिन्याभरात काढून टाकला. त्याचं कारण शेग्लॉफच्या हिशेबात बसतं. त्या मेसेजानं ओ दिली जाते, पण ओ देणारं माणूस तिथं नसतं. समोरच्याला वाटतं, लागला एकदाचा नंबर. तो आपली सगळी हकीकत लिहितो आणि वाट बघत बसतो, दुसरीकडं विचारायचंही थांबवतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते. यापेक्षा उत्तरच नसलेलं बरं. निदान तो पुढच्या नंबराकडं जातो.

शेवटी जे उत्तर टिकलं ते असं आहे : 'बोला. मी रक्तदात्यांच्या गटातून बोलतेय. पेशंट कुठल्या गावात अ‍ॅडमिट आहे?' हे वाक्य मी फोनात साठवून ठेवलंय. `/bola` टाइप केलं की पूर्ण येतं, पण पाठवायचं मीच. यातल्या 'बोला'मध्ये ओ आहे. दुसऱ्या वाक्यात, तुम्ही योग्य दारात आलात, एवढं आहे. आणि तिसऱ्या वाक्यात असा एकच प्रश्न आहे, ज्याचं उत्तर कितीही घाबरलेल्या माणसाला एका शब्दात देता येतं. आपण कुठं आहोत हे माणसाला माहीत असतं. पहिलाच प्रश्न रक्तगटाचा विचारला तर तो कागद शोधायला लागतो, बहिणीला फोन लावतो. गावाचं नाव जिभेवर असतं. आणि एकदा एक शब्द लिहून झाला की पुढचे शब्द येतात, हे मी शेकडो वेळा बघितलंय.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधीची एक रात्र तपशिलानं सांगते. १०.५२ला 'Hi', त्याच मिनिटाला 'Hello', १०.५३ला '?'. मी भांडी घासत होते. हात पुसून १०.५६ला `/bola` पाठवलं. काही सेकंदांत उत्तर आलं : 'मिरज'. मी लिहिलं, 'बरं. डॉक्टरांनी दिलेल्या कागदाचा फोटो काढून पाठवा. अक्षर दिसलं नाही तरी चालेल.' १०.५९ला फोटो आला, तिरका, अंगठ्याची सावली पडलेला. त्याखाली लिहिलेलं, 'B+ रक्त पाहिजे अर्जंट'.

कागदावर मात्र रक्त मागितलेलंच नव्हतं. बी पॉझिटिव्ह बरोबर होतं, पण पुढं 'एसडीपी १' असं लिहिलेलं होतं. एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट्स. नेहमीच्या रक्तदानाच्या पिशवीतून ज्या प्लेटलेट्स वेगळ्या काढतात, त्यांना आरडीपी म्हणतात. तशा एका पिशवीनं पेशंटचा आकडा साधारण पाच ते दहा हजारांनी चढतो. एसडीपीत दात्याला यंत्राला जोडतात. त्याचं रक्त यंत्रात जातं, प्लेटलेट्स बाजूला निघतात आणि उरलेलं रक्त त्याच्याच अंगात परत जातं. अशा एका पिशवीनं तीस ते पन्नास हजारांची वाढ मिळू शकते. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात. त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्यामुळं एसडीपी सहसा कपाटात तयार नसते, दाता आणूनच काढावी लागते. त्या मुलानं 'B+ रक्त पाहिजे' एवढंच लिहून चार ग्रुपांत टाकलं असतं, तर बी पॉझिटिव्हचे चार जण साधं रक्त द्यायला आले असते, आणि त्यातला एखादा तर गेल्याच महिन्यात रक्त दिलेला निघाला असता. पूर्ण माहिती एकाच मेसेजमध्ये पाठवा, असा आग्रह मी धरत होते तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याची पूर्ण माहितीच चुकीची होती. त्यात त्याचा काही दोष नाही. काय मागायचं हेच त्याला कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं.

मग मी फोन लावला. मेसेजवर जेवढं व्हायचं तेवढं झालं होतं, पुढचं आवाजानं करायचं होतं. मुलगा वीस-बावीस वर्षांचा असावा. वडिलांना डेंग्यू, प्लेटलेट्स ९ हजार, हिरड्यांतून रक्त येतंय. आई गावाकडं. तो एकटाच. मी विचारलं, 'जेवलास का?' तो म्हणाला, 'न्हाई.' आणि मग एकदम बोलायला लागला. संध्याकाळी सहापासून त्यानं किती नंबर लावले ते सांगितलं. एका जुन्या फॉरवर्डमध्ये बारा नंबर होते. त्यावर तारीख नव्हती. बारातले अर्धे बंद, दोघांनी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. सुरुवातीला तो सगळं सविस्तर लिहून पाठवत होता. दोन जणांना वडिलांचं नाव, वय, रिपोर्टचा फोटो, सगळं पाठवलं. एकानं बघून काही उत्तर दिलं नाही, दुसऱ्याच्या फोनात ते पोचलंच नाही. 'मग म्हटलं ताई, आधी बघावं कोण हाय का. कोण असलं तर सांगावं.'

त्याचं हे बोलणं ऐकून मी क्षणभर गप्पच झाले. डिलीट झालेल्या त्या तीन ओळींची आठवण आली. घरच्या माणसाचं दुखणं अक्षरात लिहून ते रिकाम्या खोलीत टाकायचं, असं दोन-तीनदा झालं की कुणीही तेच करेल. आधी हाक मारेल.

पुढचं थोडक्यात सांगते. एसडीपीच्या दात्याचा प्लेटलेट्सचा आकडा दीड लाखाच्या वर लागतो, गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही, आणि हाताच्या शिरा जाड लागतात. माझ्या वहीत असे बी पॉझिटिव्हचे पाच जण होते. तिसरा तयार झाला, विश्रामबागचा एक इलेक्ट्रिशियन. दात्याचा नंबर मी कधीच परस्पर देत नाही. आधी त्याला विचारते, मग त्याच्याकडूनच फोन करवते. मुलाला सांगितलं की मागणीचा कागद आणि वडिलांच्या रक्ताचा नमुना दोन्ही रक्तकेंद्रात पोचलेत ना ते आधी बघ. कागद पोचला होता, नमुना वॉर्डातच राहिला होता. अशा ठिकाणी तास-तास वाया जातो. दाता पावणेबाराला पोचला. त्याच्या तपासण्यांना वेळ लागतोच, कारण एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया हे सगळं आधी बघावं लागतं. यंत्रावर तो तासाहून थोडा जास्त वेळ होता. तीनच्या सुमाराला मुलाचा मेसेज आला, 'पिशवी मिळाली'. लगेच दुसरा, 'लावली'. मग तिसरा, नुसते जोडलेले दोन हात. त्याही वेळी तीन मेसेज. त्याची लिहायची रीतच तशी होती.

आपल्याकडं पोस्टकार्डावर 'सा. न. वि. वि.' आणि 'पत्रास कारण की' हे एकाच पाठीवर लिहायचे. उत्तर यायला आठ दिवस लागणार, मग नमस्कार आधी आणि कारण मागाहून पाठवणं परवडणारं नव्हतं. पुढं एसएमएस आले. रोमन अक्षरांत १६० जागा, देवनागरीत लिहिलं तर ७०च. एकेका मेसेजला पैसे पडत होते, म्हणून सगळं एकात कोंबून लिहायचं, तेही रोमनमध्ये. माझ्या वयाच्या लोकांना ती सवय लागली. आता मेसेजला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि बोलताना जशी वाक्यं तुटत येतात तसेच मेसेज तुटत येतात. त्या मुलाच्या पिढीला नमस्कार आणि कारण यांच्यामध्ये एक श्वास घ्यावासा वाटतो, कारण आता तो घेता येतो. शिवाय प्रत्येक नव्या मेसेजागणिक आपलं नाव समोरच्याच्या यादीत पुन्हा वर जातं, हेही त्यांना पक्कं ठाऊक असतं. '?'चा तोही एक उपयोग आहे. दिवसभरात पन्नास नावं असलेल्या फोनात तो खरंच होतो.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही. रात्री बाईच्या आवाजाच्या नंबरावर येणारा प्रत्येक 'Hi' दवाखान्यातून येत नाही. मागं एकदा कुणीतरी आमचा नंबर भलत्याच ठिकाणी टाकला होता आणि दोन आठवडे फार वाईट गेले. फोन घेणाऱ्या दुसऱ्या ताईंनी तर काम सोडायचं ठरवलं होतं. त्याही वेळी तोच प्रश्न कामाला आला. 'पेशंट कुठल्या गावात अ‍ॅडमिट आहे?' याला गरजू माणूस गावाचं नाव लिहितो, तेही बहुतेकदा लगेच. दुसऱ्या प्रकारचा माणूस गाव सोडून बाकी सगळं लिहितो. 'तुम्ही कोण', 'आवाज छान आहे', 'फोटो पाठवा'. तिथं बोलणं संपवायचं आणि तो नंबर ब्लॉक करायचा, मनात काही न ठेवता. पैसे उकळणारेही असतात. पेशंटच्या नावानं ते पैसे मागतात, पण मागणीच्या कागदाचा फोटो मागितला की गायब होतात. म्हणून गाव आणि मग कागद, हा क्रम मी सोडत नाही. ओ दिली म्हणजे घरातलं सगळं उघडं केलं असं होत नाही. आजीही आधी 'कोण हाय?' विचारायची आणि नाव कळल्यावरच 'ये, बस' म्हणायची.

तिची आणखी एक ताकीद होती. रात्री कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, हाकामारी असते. तिसरी हाक आली तर समजायचं की माणूस आहे. लहानपणी अंथरुणात पडून मी अशा हाका मोजायचे. आता फोनवर मोजते, Hi, Hello, आणि मग ते चिन्ह. तिसरी हाक मारणारं माणूसच असतं यावर माझा विश्वास बसलाय.

तरी तिसरीपर्यंत थांबायचं नाही असं आम्ही ठरवलंय. जमलं तर पहिल्या 'Hi'लाच `/bola` जातं, आणि तसं झालं की पुढचे दोन मेसेज येतच नाहीत. थेट गाव येतं. फोन आपल्याकडं असताना झोप लागणार असेल, तर दिवसाच्या शेवटी तो जागं असणाऱ्याकडं द्यायचा. आणि सकाळी जर रात्रीचा अनुत्तरित '?' दिसला, तर त्याला उशिराबद्दल लांबलचक काही लिहायचं नाही. त्याला तेव्हा आपलं स्पष्टीकरण नको असतं. 'आत्ता बघितलं. अजून गरज आहे का?' एवढंच लिहायचं. याला 'हो' किंवा 'नाही' यांतलं एक उत्तर येतं. कधी कधी 'आता नको' असंही येतं. त्याला काय उत्तर द्यायचं हे मला सात वर्षांत नीटसं जमलेलं नाही. मी 'तुमच्याबरोबर घरचं कुणी आहे का?' असं विचारते. असलं तर ते सांगतात. नसलं तर मी फोन लावते.

काल रात्री सव्वानऊला फोन वाजला. आज लिहायला बसण्याचं ते एक निमित्त. या वेळी रोमनमध्ये काही नव्हतं. कुणीतरी वयस्क माणूस असावा, बोलून टाइप करत असावा, कारण अक्षरं देवनागरीत होती आणि बोली आमच्या आजीची होती. एकच ओळ :

'ताई हाय का'

मी `/bola` लिहायला घेतलं आणि थांबले. साठवलेलं वाक्य पुसलं.

'हाय. बोला काका,' असं लिहिलं.

त्यांच्या नावाखाली 'टाइप करत आहे' दिसायला लागलं. थांबलं. पुन्हा लागलं. मी फोन हातातच ठेवला आणि वहीतलं नवीन पान उघडलं.

'जतहून आलोय. मिरजेत हाय. सून बाळंत झाली.'